कंपनीचा फोन चोरीला गेला आहे. कंपनीचा डेटा पुसायचाय, पण पोराचे घरचे फोटो ठेवून. कसं करायचं?

कुपवाड_आयटी
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत द्राक्षाची औषधं आणि विद्राव्य खतं विकणाऱ्या एका कंपनीत मी सिस्टिम बघतो. फिल्डवरच्या पोरांना कंपनीनं तीसेक अँड्रॉइड फोन दिलेत आणि सगळे एमडीएमवर, म्हणजे ऑफिसातून फोन सांभाळायच्या सिस्टिमवर आहेत. काल रात्री मिरज जंक्शनवर गाडीत चढताना आमच्या तासगाव-कवठेमहांकाळ भागातल्या प्रतिनिधीचा फोन गर्दीत खिशातून गेला. रेल्वे पोलिसांत तक्रार दिली आहे. सिम त्यानं तासाभरात बंद करून घेतलं.

फोनमध्ये कंपनीचा मेल आहे, ऑर्डरचं ॲप आहे आणि दुकानदारांच्या उधारीची यादी आहे. मालक म्हणतात, "आत्ताच्या आत्ता सगळा फोन पुसून टाक." त्या पोराला गेल्या वर्षी मुलगी झाली, तिचे सगळे फोटो त्याच फोनमध्ये आहेत. गूगलची जागा भरल्यामुळे बॅकअप फेब्रुवारीपासून थांबलेला. तो सकाळपासून माझ्या टेबलासमोर बसून आहे. कंपनीचं तेवढं काढून त्याचं तसंच ठेवता येतं का? पॅनलमध्ये 'Wipe', 'Remove' आणि 'Relinquish' अशी तीन बटणं आहेत. यातलं एकही मी अजून दाबलेलं नाही.

गणपती_पेठ_मोबाईल
दादा, एवढं घाबरायचं कारण नाही. वर्क प्रोफाइल असेल तर 'Wipe' दाबलं की फक्त बॅगेचं चिन्ह असलेली ॲप जातात, बाकीच्याला हात लागत नाही. माझ्या दुकानात बँकेतली एक बाई आल्या होत्या, त्यांचं असंच झालं. ऑफिसनं पुसलं आणि घरचे फोटो जागेवर राहिले. दाबा बिनधास्त.

नेटवर्क_अण्णा
थांबा, दाबू नका. पेठवाले, तुम्ही सांगताय ते खरं आहे, पण त्या बाईंचा फोन त्यांचा स्वतःचा असणार. स्वतःच्या फोनवर ऑफिसनं फक्त वर्क प्रोफाइल टाकलेलं असतं, तेव्हा 'Wipe' केलं की तेवढं प्रोफाइल उडतं. इथं फोन कंपनीचा आहे. कंपनीच्या मालकीच्या फोनवर तीच आज्ञा गेली तर वर्क प्रोफाइल असो वा नसो, पूर्ण फॅक्टरी रीसेट होतो.

कुपवाड, मला आधी दोन ओळी दाखवा. पॅनलमध्ये डिव्हाइसची कच्ची माहिती बघायची सोय असेल, नाहीतर अँड्रॉइड मॅनेजमेंट एपीआयवरून काढा. `managementMode` आणि `ownership` समोर काय लिहिलंय? पॅनलवर कुणी हातानं 'कॉर्पोरेट' असा टॅग लावलाय की नाही, ते मला नको. तो टॅग कुणीही केव्हाही बदलू शकतो, त्यानं फोनचा प्रकार बदलत नाही. फोन पहिल्यांदा चालू करताना कोणता क्यूआर स्कॅन केला, त्यावर हे ठरलेलं असतं.

कुपवाड_आयटी
अण्णा, हे घ्या. फोन अँड्रॉइड 14 आहे.

```
"managementMode": "PROFILE_OWNER",
"ownership": "COMPANY_OWNED"
```

नेटवर्क_अण्णा
मग पोराचे फोटो वाचू शकतात. पहिल्या ओळीत `DEVICE_OWNER` असतं तर मी तुम्हाला सरळ नाही म्हणालो असतो. तिथं अख्खा फोनच कंपनीच्या ताब्यात असतो, खाजगी असा वेगळा कप्पाच नसतो, त्यामुळे अर्धं पुसणं ही गोष्टच शक्य नाही. तुमच्या फोनमध्ये कंपनीचा कप्पा वेगळा आहे आणि घरचा वेगळा, फक्त फोनची मालकी कंपनीची आहे. फोन देताना क्यूआर बनवणाऱ्यानं `PERSONAL_USAGE_ALLOWED` ठेवलं होतं म्हणून हे झालं.

अशा फोनसाठी `RELINQUISH_OWNERSHIP` ही आज्ञा आहे. तिनं वर्क प्रोफाइल आणि कंपनीचे सगळे नियम निघून जातात, खाजगी बाजूची ॲप आणि फोटो राहतात. तुमच्या पॅनलमधलं तिसरं बटण बहुतेक हेच. 'बहुतेक' अशासाठी की बटणाला काय नाव द्यायचं ते पॅनल बनवणारा ठरवतो. तुमच्या 'Remove' बटणाची मला जास्त भीती वाटते. नाव वाचून वाटतं की यादीतून नोंद तेवढी काढेल. पण त्यामागे `devices.delete` असेल तर ती आज्ञा फोन पुसायलाच जाते आणि कंपनीच्या फोनवर पुसणं म्हणजे पूर्ण रीसेट. पॅनल विकणाऱ्याला फोन करून विचारा, या तीन बटणांमागे कोणती आज्ञा जाते. ऑफिसात एखादा जास्तीचा फोन पडला असेल तर त्यावर दोन फोटो काढून, दाबून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि हे करण्याआधी एक काम आत्ता उरका, त्याला फोनची गरजच नाही. त्या पोराच्या कंपनी खात्याचा पासवर्ड बदला, चालू असलेली सगळी सत्रं तोडा आणि ऑर्डरच्या ॲपचं लॉगिन सर्व्हरवरून बंद करा. फोन बंद असो, नदीत असो, हे लगेच लागू होतं. मालकांना खरी भीती उधारीच्या यादीची आहे. नवीन काही फोनवर उतरणं यानं थांबतं. आधी उतरलेलं जे आहे तेवढ्यासाठीच पुसण्याची आज्ञा.

विटा_स्नेहल
माझे पण फोटो गेलेत हो. मागच्या महिन्यात मुलानं चुकून गूगल फोटोमधून गणपतीचे सगळे फोटो डिलीट केले. कंपनीचा फोन नाही, माझाच आहे. या एमडीएमनं परत आणता येतील का?

गणपती_पेठ_मोबाईल
ताई, तो वेगळा विषय. गूगल फोटोमध्ये 'ट्रॅश' उघडा. बॅकअप झालेले फोटो तिथं 60 दिवस राहतात, मग कायमचे जातात. मागच्याच महिन्यातलं आहे ना, आजच बघा.

विटा_स्नेहल
सापडले! सगळे आहेत. देव भलं करो.

फिल्डवर_सोमनाथ
मी पण असाच फिरतो, पलूस-कडेगाव पट्ट्यात, दुसऱ्या कंपनीत. वाचून पोटात गोळा आला म्हणून विचारतो. आमच्या फोनमध्ये दोन कॅमेरे दिसतात, एकाला बॅगेचं चिन्ह आहे. घाईत मी कुठलाही उघडतो. बागेतल्या रोगट पानांचे फोटो काढतो आणि पोरांचे पण. मग माझे कुठले राहतील आणि कुठले जातील?

नेटवर्क_अण्णा
सोमनाथ, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. फोटो कशाचा आहे हे फोनला कळत नाही. तो कुठल्या कप्प्यात साठवला गेला, एवढंच त्याला माहीत असतं. बॅगेच्या चिन्हाच्या कॅमेऱ्यानं पोरीच्या वाढदिवसाचे फोटो काढले असतील तर ते कंपनीच्या कप्प्यात आहेत आणि प्रोफाइल उडालं की तेही जातील. उलट साध्या कॅमेऱ्यानं काढलेले पानांचे फोटो घरच्या बाजूला राहतील.

आज संध्याकाळी फाइल्सचं ॲप उघडा. वर 'पर्सनल' आणि 'वर्क' असे दोन टॅब दिसतील. 'वर्क'मध्ये घरचा एखादा फोटो दिसला तर आत्ताच त्याची सोय करा. कंपनीनं दोन्ही बाजूंमध्ये फाइल हलवायला बंदी केली असेल तर आयटीवाल्याला सांगून काढून घ्या.

कुपवाड_आयटी
विचारलं त्याला. म्हणतो, बॅगेचा कॅमेरा कधीच वापरला नाही, सगळं साध्या कॅमेऱ्यानंच. पण मग दुसरंच निघालं. दुकानदार ऑर्डरी आणि उधारीच्या वहीचे फोटो त्याच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर टाकतात. ते खाजगी बाजूला आहे.

नेटवर्क_अण्णा
तर मग ते तिथंच राहणार, `RELINQUISH_OWNERSHIP`नं ते जाणार नाही. हे मालकांना आजच स्पष्ट सांगा, नंतर समजलं तर तुमच्या अंगावर येईल. पण त्यावर उपाय पोराच्या हातात आहे. डुप्लिकेट सिम मिळालं की दुसऱ्या फोनवर त्याच नंबरनं व्हॉट्सॲप चालू करायचं, जुन्या फोनवरचं लॉगआउट होतं. जुन्या फोनमधल्या फायली तशाच राहतात, पण नवीन निरोप तिथं पडत नाहीत. फोनला स्क्रीन लॉक होतं ना?

कुपवाड_आयटी
सहा आकडी पिन. अंगठा पण. वर्क प्रोफाइलला वेगळा पिन नाही, एकच लॉक दोन्हीला.

नेटवर्क_अण्णा
चोरानं फोन बंद करून चालू केला असेल तर पिन टाकेपर्यंत आतलं सगळं कुलूपबंद, सांकेतिक स्वरूपातच असतं. अंगठ्यानंही तेव्हा उघडत नाही. उधारीच्या यादीचा जीव या पिनवर आहे, पुसण्याच्या आज्ञेवर त्याहून कमी. पुढच्या वेळी वर्क प्रोफाइलला वेगळा पिन सक्तीचा करा. पोरं कुरकुर करतील, तरी करा.

सातारा_एचआर_ताई
आमची कंपनी साताऱ्यात जुन्या एमआयडीसीत आहे. आमच्याकडे फोन गेला की पहिल्या दिवशीच संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक करतो. मिसिंग रिपोर्टची प्रत, बिल आणि ओळखपत्र जोडलं की अर्ज जातो. कुपवाड, ते अजून केलं नसेल तर आधी ते करा. एकदा ब्लॉक झाला की चोराला देशात कुठल्याच सिमवर तो वापरता येत नाही.

नेटवर्क_अण्णा
ताई, अर्ज करायचाच आहे, पण मी तो मागे ठेवीन. आज्ञा फोनपर्यंत पोचायला फोन नेटवर यावा लागतो. पोराचं सिम बंद झालंय, म्हणजे आता दोनच वाटा आहेत. एखादं वायफाय मिळणं, नाहीतर चोरानं किंवा ज्यानं तो विकत घेतला त्यानं स्वतःचं सिम घालणं. दुसरी वाट जास्त शक्यतेची. आयएमईआय ब्लॉक केला तर तीच वाट बंद होते आणि पुसण्याची आज्ञा दाराबाहेर उभी राहते.

सिम बंद केलं ते मात्र बरोबरच केलं. त्यावर बँकेचे ओटीपी येतात, त्यात एक तासही थांबायचं नाही.

सातारा_एचआर_ताई
हे मला पटत नाही. तुम्ही म्हणता तसं थांबलो आणि चोरानं त्या फोनवरून काही उद्योग केला तर? आयएमईआय कंपनीच्या बिलावर आहे, पोलीस आमच्या दारात येणार. शिवाय ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कुणी सिम घातलं की पोलिसांना माहिती जाते, त्यामुळे सापडायला मदतच होते. आमच्या कायदा सल्लागारांनी स्पष्ट सांगितलंय, वाट बघायची नाही.

नेटवर्क_अण्णा
कागदोपत्री तुमचं बरोबर आहे. पोलिसांत तक्रार काल रात्रीच झाली आहे, त्यामुळे कंपनीच्या बाजूनं नोंद आहे. डेटा महत्त्वाचा की फोन, यावर क्रम ठरतो. उधारीची यादी बाहेर गेली तर या सीझनला दुकानदार दुसरीकडे वळतील, फोन पंधरा हजारांत नवा येतो. मी दोन-तीन दिवस देईन आणि मग ब्लॉक करीन. तुम्ही तुमच्या सल्लागारांचं ऐका, मी तुम्हाला चूक म्हणणार नाही.

गणपती_पेठ_मोबाईल
यात माझी एक भर. चोरीचा फोन थेट वापरात येत नाही, आधी बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट मारतात. तसं झालं असेल तर तुमची आज्ञा कधीच पोचणार नाही, कारण पोचायला एमडीएमच उरलेलं नसतं.

नेटवर्क_अण्णा
हे अगदी खरं. त्यात मुलीचे फोटो पण जातात, त्यावर आपला कुणाचाच इलाज नाही. पॅनलमध्ये मात्र काहीच कळत नाही, 'पेंडिंग' एवढंच दिसत राहतं. म्हणून 'पेंडिंग' दिसलं म्हणजे चोर आपला डेटा वाचतोय, असं मालकांनी धरू नये.

कुपवाड, आता सगळ्यात महत्त्वाचं. एपीआयमध्ये प्रत्येक आज्ञेला मुदत असते. ती दिली नाही तर ठरलेली मुदत फक्त 10 मिनिटांची आहे. फोन त्या 10 मिनिटांत नेटवर आला नाही की आज्ञा मेली. ऑफिसात समोर असलेल्या फोनवर चाचणी घेताना हे लक्षातच येत नाही, कारण तो लगेच उत्तर देतो. चोरीच्या फोनला महिनाभराची मुदत द्या. तुमचं पॅनल मुदत भरायला देत नसेल तर आज्ञा एपीआयवरून पाठवा.

कुपवाड_आयटी
पॅनलवाल्यांशी बोललो. तिसरं बटण `RELINQUISH_OWNERSHIP`च आहे, पण मुदतीचा रकाना नाही. 'Remove' मागे खरंच `devices.delete` आहे. आमच्या आधीच्या माणसानं कागदावर लिहून ठेवलं होतं, "जुना फोन यादीतून काढायचा असेल तर Remove". बरं झालं विचारलं.

जास्तीच्या फोनवर करून बघितलं. वर्क प्रोफाइल गेलं, फोटो राहिले, त्या फोनवरचे कंपनीचे निर्बंधही गेले. आता खऱ्या फोनला `issueCommand` मधून हे पाठवलं:

```
{
  "type": "RELINQUISH_OWNERSHIP",
  "duration": "2592000s"
}
```

फिल्डवर_सोमनाथ
अण्णा, "निर्बंधही गेले" म्हणजे? फोन मग कुणाचा झाला?

नेटवर्क_अण्णा
तांत्रिक अर्थानं वापरणाऱ्याचा झाला. आज्ञा एकदा लागू झाली की कंपनीला त्या फोनवर काहीच करता येत नाही. लॉक नाही, लॉस्ट मोड नाही, नंतर "आता सगळंच पुसा" असं मालकांच्या मनात आलं तरी ते नाही. म्हणून फोन नुसता विसरलाय, ढाब्यावर राहिलाय, अशी शंका असेल तर आधी लॉस्ट मोड लावावा. स्क्रीनवर कंपनीचं नाव आणि नंबर येतो, कुणी भला माणूस असेल तर फोन करतो. इथं गर्दीत खिशातून गेलाय, त्यामुळे तो टप्पा मी सोडला.

आणि एक गोष्ट त्या पोराला समजावून सांगा, हळू सांगा. आपण त्याच्या फोटोंना हात लावत नाही, म्हणजे ते चोराच्या हातातल्या फोनवर तसेच आहेत. फोन परत आला तरच त्याला मिळतील. ते तसेच राहू द्यायचे की पुसायचे, हे ठरवायचा हक्क त्याचा. त्याच्या स्वतःच्या गूगल खात्यातून फाइंड हबमध्ये फोन दिसेल. तिथं 'सुरक्षित करा' दाबलं तर लॉक होतो आणि निरोप दिसतो, फोटो राहतात. 'मिटवा' दाबलं तर सगळं जातं. हे बटण मालकांनी किंवा तुम्ही त्याच्याकडून दाबवून घेऊ नका.

सातारा_एचआर_ताई
या मुद्द्यावर मी अण्णांबरोबर आहे. आमच्याकडे फोन देतानाच एक पान सही करून घेतो. कुठला कप्पा कंपनी पुसू शकते, कुठला नाही, आणि बॅकअपची जबाबदारी कुणाची, सगळं मराठीत लिहिलेलं. आधी इंग्रजीत होतं, तेव्हा कुणीच वाचत नव्हतं.

कुपवाड_आयटी
अपडेट देतो. आज दुपारी ऑपरेशनवर `"done": true` आलं, एररही नाही. म्हणजे फोन रीसेट झाला नव्हता, कुठेतरी नेटवर आला आणि वर्क प्रोफाइल निघालं. त्या मुलानं लगेच फाइंड हब उघडलं. जागा कोल्हापूरच्या बाजूची दाखवली, नंतर पुन्हा ऑफलाइन. तो स्क्रीनशॉट घेऊन रेल्वे पोलिसांकडे गेलाय. 'सुरक्षित करा' दाबलंय, 'मिटवा' नाही. आयएमईआय ब्लॉकचा अर्ज आता भरतोय. नंबर आमच्या पॅनलच्या जुन्या रिपोर्टमध्ये होता, तो आधीच उतरवून ठेवला होता.

नेटवर्क_अण्णा
उत्तम. ज्यांच्याकडे पोरांचे स्वतःचे फोन वर्क प्रोफाइलवर आहेत त्यांनी लक्षात घ्या, अँड्रॉइड 12 पासून तशा फोनचा आयएमईआय एमडीएमला दिसतच नाही. तो खोक्यावरून किंवा `*#06#` लावून आजच लिहून ठेवा. आणि कुपवाड, अर्ज एक दिवस थांबवता येईल का बघा. फोन चालू आहे, लॉक आहे, जागा दाखवतोय. ब्लॉक झाला तर मोबाईल डेटा जाईल आणि फाइंड हबला जागा मिळणं अवघड होईल.

सातारा_एचआर_ताई
डेटा तर गेला ना आता? मग थांबण्याचं कारण काय? जागा शोधणं पोलिसांचं काम आहे आणि त्यांना ब्लॉकमधूनच माहिती मिळते.

कुपवाड_आयटी
पोलिसांनाच विचारतो, ते म्हणतील तसं करतो. दुसरं म्हणजे मालक आता म्हणताहेत, पुढचे सगळे फोन `DEVICE_OWNER`वर घ्या, एका बटणात विषय संपला पाहिजे. फिल्डची पोरं म्हणतात, मग आम्ही घरचा दुसरा फोन खिशात ठेवणार आणि दुकानदारांशी त्याच्यावरूनच बोलणार. सोमवारी बैठक आहे. कुणी असा बदल करून बघितला असेल तर अनुभव टाका.

फिल्डवर_सोमनाथ
आमच्याकडे तसेच फोन आधी दिले होते. कंपनीचा फोन गाडीच्या डिकीत आणि स्वतःचा हातात, असंच चाललं होतं. सगळ्या ऑर्डरी स्वतःच्या व्हॉट्सॲपवर. म्हणून तर नंतर बॅगेवाले आले.